शिवाजीनगर कोर्टात तारीख आहे? मेट्रोतून उतरून कोर्टरूमपर्यंत असे पोहोचा

समन्सवर ‘शिवाजीनगर, पुणे’ असे वाचून बरेच जण शिवाजीनगर मेट्रो स्थानकावर उतरतात. पिंपरीकडून येताना ही चूक हमखास होते, कारण ते स्थानक आधी येते. तुम्हाला उतरायचे आहे त्यापुढच्या ‘जिल्हा न्यायालय’ स्थानकावर, ज्याला लोक अजून सिव्हिल कोर्ट म्हणतात. पिंपरी-स्वारगेट आणि वनाझ-रामवाडी हे दोन्ही मार्ग इथेच मिळतात. स्वारगेट-पिंपरी मार्गाचा फलाट जमिनीखाली खूप खोल आहे. सरकते जिने चढून रस्त्यावर येईपर्यंत बराच वेळ जातो, त्यामुळे हातात दहा मिनिटे जास्त ठेवा.

पण निघण्याआधीचे काम जास्त महत्त्वाचे. आदल्या संध्याकाळी ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपल्या खटल्याची ओळख असलेला सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाका. तो मोकळी जागा किंवा आडवी रेघ न देता सलग लिहायचा. Next Hearing Date मध्ये तारीख दिसेल आणि Court Number and Judge मध्ये कोर्टाचा क्रमांक व न्यायाधीशांचे पद. समन्स जुने असेल तर त्यावरच्या कोर्टावर विसंबू नका. मधल्या काळात प्रकरण दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झालेले असू शकते. समन्सवर लष्कर किंवा खडकी कोर्ट लिहिले असेल तर शिवाजीनगरला येण्यात अर्थच नाही, आणि कौटुंबिक न्यायालयाची इमारतही वेगळी आहे.

समजा, चेक न वटल्याचा खटला आहे आणि ॲपवर ‘12’ हा आकडा व ‘प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’ असे दिसते. इथे घोळ होतो. 12 हा कोर्टाचा क्रमांक आहे, तोच खोलीचा असेल असे नाही. म्हणून फाटकावर नुसते ‘बारा नंबर कुठे?’ विचारू नका. न्यायाधीशांचे पद आणि नाव सांगून इमारत व मजला विचारा. आवारात जुनी दगडी इमारत आहे आणि नवी इमारतही, तेव्हा चुकीचा जिना चढलात तर परत खाली यावे लागते. बॅग तपासणीची रांग लागते, त्यामुळे साडेदहापर्यंत फाटकाशी असलेले बरे.

दारावरची न्यायाधीशांच्या नावाची पाटी वाचा. मग बाहेर लावलेल्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, नाव नव्हे तर खटल्याचा क्रमांक आणि वर्ष शोधा, कारण सारख्या नावांचे पक्षकार बरेच असतात. क्रमांक सापडला नाही तर लगेच परत फिरू नका. न्यायाधीश रजेवर असले की काम दुसऱ्या कोर्टाकडे दिलेले असू शकते. शिपायाला किंवा बेंच क्लार्कला विचारून खात्री करून घ्या.

क्रमांक सापडला की मोबाइल बंद करून दाराजवळच थांबा. पुकारा झाला आणि आरोपी हजर नसेल तर वॉरंट निघू शकते. चहाला जायचेच असेल तर आपल्याआधी किती प्रकरणे आहेत ते पाहून आणि वकिलांना सांगून जा.