इंटर्नसाठी पहिल्या दिवसाचे स्वागतपर भाषण कसे तयार करावे

पहिल्या दिवशी समोर बसलेल्या इंटर्नना संस्थेच्या इतिहासात फारसा रस नसतो. आज नेमके काय करायचे, अडल्यास कोणाला विचारायचे आणि विचारल्यावर आपण अडाणी तर ठरणार नाही ना, हेच प्रश्न त्यांच्या मनात असतात. भाषण याच क्रमाने बांधावे आणि दहा मिनिटांत संपवावे.

आपले नाव व काम सांगून झाले की लगेच दिवसाचा आराखडा मांडावा: ओळखपत्र व संगणकाचे खाते केव्हा मिळेल, मार्गदर्शकाची भेट किती वाजता आहे, जेवणाची सुटी केव्हा होईल आणि पहिले काम कोणते. सुटण्याची वेळही स्पष्ट सांगावी. ती सांगितली नाही, तर वरिष्ठ उठेपर्यंत नवी मुले उगाच बसून राहतात.

भाषणाचा निम्मा वेळ मात्र विचारण्याच्या पद्धतीला द्यावा. ‘काही अडले तर कधीही विचारा’ हे वाक्य ऐकायला गोड असले, तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण किती वेळ स्वतः झगडायचे हे त्यातून कळत नाही. समजा, लेखा विभागात आलेल्यांना जुन्या पावत्या नोंदवहीशी ताडून पाहायच्या आहेत. तेव्हा असे म्हणता येईल: “एखादी रक्कम जुळली नाही, तर वीस मिनिटे स्वतः शोधा. तरीही उलगडा झाला नाही, तर काय काय तपासले ते दोन ओळींत लिहून मार्गदर्शकांना दाखवा; ते जागेवर नसतील, तर शेजारच्या सहकाऱ्यांना विचारा. मूळ नोंद बदलण्याची किंवा पुसण्याची वेळ आली, तर मात्र वीस मिनिटेही थांबू नका, आधी विचारा.” यात मुदत, माणूस आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी येतात. ‘मार्गदर्शक’ आणि ‘सहकारी’ या शब्दांच्या जागी प्रत्यक्ष नावे घ्यावीत आणि ती माणसे तिथेच उभी करून दाखवावीत. सर्व विभागप्रमुखांची ओळख त्याच वेळी करून देण्याचा मोह टाळावा. इतकी नावे एका सकाळी कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

शेवटी ‘काही शंका?’ असे विचारले की बहुधा शांतता पसरते आणि वक्ता ती संमती समजतो. त्याऐवजी पूर्वी इंटर्न म्हणून काम केलेल्या एखाद्या सहकाऱ्याला बोलावून ठेवावे आणि वरिष्ठांनी पंधरा मिनिटे खोलीबाहेर जावे. सुटीचे नियम, विद्यावेतन किंवा पोशाख यांविषयीचे प्रश्न तेव्हाच मोकळेपणाने निघतात.

भाषण पोहोचले की नाही, हे संध्याकाळी तपासता येते. निघताना प्रत्येकाला ‘उद्या आल्यावर पहिले काम कोणते?’ एवढेच विचारावे. दोघे-तिघे अडखळले, तर दोष भाषणाचा समजावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माहिती एका पानावर लिहून सर्वांच्या हाती द्यावी.