कृषी केंद्रातला पडून राहिलेला माल: काय वापस, काय स्वस्तात, काय तोट्यात

मोजणीला हात घालायच्या आधी वही आणि जाड मार्कर घ्या. प्रत्येक पेटीतल्या मालाचा बॅच नंबर लिहा आणि त्याच्यापुढे तो माल कोणाच्या, कोणत्या बिलावर आला ते लिहा. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. एकाच औषधाचा माल दोन डिस्ट्रिब्युटरकडून आला होता आणि दुकानात एकाच कप्प्यात गेला. वापस पाठवला तेव्हा दोघांनीही "हा बॅच आमच्या बिलावर नाही" म्हणून पेट्या परत धाडल्या, आणि कागदाच्या हिशेबाने दोघंही बरोबर होते. माल चांगला, मुदत शिल्लक, सील शाबूत, तरी पैसे गेले. म्हणून आधी बॅच नंबर, मग बाकीचं.

वेळ कोणती, हे मालावर ठरतं. मार्चअखेरची मोजणी हिशेबासाठी ठीक आहे, पण पडून राहिलेल्या मालासाठी ती फार उशिराची. बियाण्याची मोजणी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. पऱ्हाटीचे नांगे भरून झाले की कपाशीचं पाकीट कोणी मागत नाही. औषधांची मोजणी दसऱ्याच्या सुमारास करा, कारण तेव्हा कपाशीवरच्या फवारण्या ओसरतात आणि डिस्ट्रिब्युटरही दिवाळीच्या वसुलीसाठी दारात येतोच. तो पैसे मागायला आला असताना वापसीचा विषय काढणं सोपं जातं. पैसे देऊन झाल्यावर फोन उचलला जाईल याची खात्री नाही.

बियाण्यात सवलतीचा विचारच करू नका. बीजी-२ कपाशीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट २०२५ च्या हंगामात जास्तीत जास्त ९०१ रुपयांना विकायचं होतं. त्याच्या खाली विकायला कोणाची मनाई नाही, पण ऑगस्टमध्ये ते ५०० ला दिलं तरी डोबायला वावर कुठं आहे? आणि पुढच्या मृगापर्यंत ठेवावं तर लेबलवरची मुदत टिकत नाही. बियाण्याची वैधता साधारण तपासणीच्या तारखेपासून नऊ महिने धरली जाते. मार्चमध्ये तपासलेलं पाकीट डिसेंबरातच मुदतीबाहेर जातं. पुन्हा तपासून मुदत वाढवून घेणं हे कंपनीचं काम आहे. दुकानात बसून लेबल बदलणं म्हणजे परवाना गमावणं. तेव्हा बियाण्याला दोनच वाटा, वापस किंवा तोटा, आणि वापसीची शेवटची तारीख कंपनी ठरवते. ती तारीख डिस्ट्रिब्युटरकडून व्हॉट्सॲपवर लेखी मागून घ्या. तोंडी "पाहू नं, घेऊन टाकू" याला काही अर्थ नाही.

पाकिटावर पेनाने भाव लिहिलेला असेल, स्टिकर चिकटवलेलं असेल किंवा कोपरा उंदराने कुरतडला असेल, तर पाकीट बहुधा नाकारलं जातं. सोयाबीनची बॅग तर आणखी नाजूक. त्याचं टरफल पातळ असतं, बॅग आपटली की दाणा आतून फुटतो, आणि टिनाखालच्या गोदामात उन्हाळा काढला की उगवण ७० टक्क्यांच्या खाली जायला वेळ लागत नाही. ७० टक्के ही प्रमाणित बियाण्याची किमान मर्यादा आहे. रंगीत औषध लावलेलं बियाणं वापस गेलं नाही तरी ते मंडीत किंवा ढोरांच्या ढेपेत जाता कामा नये. ते विष लावलेलं धान्य आहे. बियाण्याच्या थैलीवर बॅच नसतो, लॉट नंबर असतो, पण नियम तोच: कोणता लॉट, कोणत्या बिलावर.

आता औषधं. खरा पैसा इथे अडकतो. प्रत्येक बॅचला तीन प्रश्न विचारायचे. मुदत कधी संपते? मुदतीच्या आत त्या औषधाचा एक पूर्ण हंगाम येतो का? मागच्या हंगामात ते किती विकलं गेलं? "मुदतीला अजून सहा महिने आहेत" हे ऐकायला बरं वाटतं, पण नोव्हेंबर ते एप्रिल हे सहा महिने कपाशीच्या औषधाला शून्य बरोबर आहेत. महिने मोजू नका, फवारणीचे हंगाम मोजा.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. फ्लोनिकॅमिड ५० टक्के, ६० ग्रॅमची पाकिटं, कपाशीवरच्या तुडतुड्या-माव्यासाठी. दसऱ्याला कपाटात ४६ पाकिटं निघाली. खरेदी जीएसटी सोडून ४०० रुपये धरू. नुसती ४६ म्हणून लिहिलं तर काहीच ठरवता येत नाही. बॅच पाहिला तर १८ पाकिटं एका डिस्ट्रिब्युटरची, मुदत येत्या मार्चपर्यंत. उरलेली २८ दुसऱ्याची, मुदत पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत.

आधी ती १८. चण्यावर, गव्हावर या औषधाचं काम नाही, म्हणजे मार्चच्या आत त्याला हंगामच नाही. डिस्ट्रिब्युटर १० टक्के कापून वापस घेत असेल, तर ७,२०० च्या मालाचे ६,४८० मिळतात. दुकानात ३४० ला काढायला ठेवली आणि उशिराच्या पऱ्हाटीवाल्यांनी सहा नेली, तर २,०४० हाती येतात आणि बारा पाकिटं मरतात. म्हणून वापस, आणि आजच. यावर चर्चा नको.

ती २८ अवघड आहेत, कारण त्यांच्यापुढे पुढचा जुलै-ऑगस्ट पूर्ण आहे. इथे व्याजाचा हिशेब घाला. ११,२०० रुपये दहा महिने अडकणार. उधारीचा माल महिना दीड टक्क्याने पडत असेल, तर १,६८० रुपये नुसते बसून जातात. आज १० टक्के कापून वापस दिलं तर १,१२० जातात. मागच्या हंगामात पहिल्या पंधरवड्यात आठ-दहा पाकिटं खपली असतील तर दहा ठेवा आणि अठरा वापस पाठवा. ठेवलेल्या दहांवर मार्करने मुदत मोठी लिहा आणि ती कपाटाच्या पुढच्या ओळीत लावा. जुलैत नवा माल आला की नवा मागे, जुना पुढे. नवा माल ढकलून पुढे रचायची सवय हेच मुदत संपायचं सगळ्यात मोठं कारण आहे.

आणि पुन्हा सांगतो, हा सगळा हिशेब जमला तो बॅच वेगळे केले म्हणून. ४६ एकत्र ठेवली असती तर वापसीच्या पेटीत दोन्ही मिसळली असती आणि दोन्हीकडून पेटी परत आली असती. वापसीची प्रत्येक पेटी एकाच बिलाची भरा. पेटीवर बिल नंबर, बॅच नंबर, नग. तीच यादी डिलिव्हरी चलनावर. पोचेवर सही-शिक्का घ्या आणि पेटी बंद करायच्या आधी आतल्या बॅचचा फोटो काढा. मग क्रेडिट नोट येईपर्यंत मागे लागा. जीएसटीसकट क्रेडिट नोट ही ज्या आर्थिक वर्षात माल घेतला ते संपल्यावरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच चालते. त्यानंतर विकणाऱ्याला कराची रक्कम कमी करता येत नाही, म्हणून तो कर सोडून क्रेडिट देतो.

सवलत द्यायची तर कोणाला, याचा विचार करा. मुदतीला दोन-तीन महिने असलेलं, त्याच हंगामात लागणारं औषध स्वस्तात काढा, पण ज्याच्या वावरात ती कीड आहे त्यालाच द्या. "हेही टाका सोबत, फुकट आहे" असं म्हणून पंपात तिसरं औषध घालायला लावू नका. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्याकडचा अडकलेला डबा कोणाच्या अंगावर जायला नको. कायद्याने बंद झालेलं औषध तर सवलतीतही नाही. फोरेट, ट्रायझोफॉस आणि डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत. जुन्या कपाटाच्या तळाशी असे डबे अजून निघतात, म्हणून तळापर्यंत हात घाला.

मुदत संपलेलं औषध त्याच दिवशी विक्रीच्या कपाटातून काढायचं. त्याच्यावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारायचा आणि वेगळ्या जागी, 'मुदतबाह्य कीटकनाशके' अशी पाटी लावून ठेवायचं. कीटकनाशक नियमांत हे स्पष्ट आहे. निरीक्षक आला आणि मुदत गेलेला एक डबा चालू मालात सापडला, तर बाकीचं दुकान किती नीटनेटकं आहे हे तो पाहत नाही. नाल्यात ओतू नका, जाळू नका, पुरू नका. कंपनीला पत्र देऊन उचलायला सांगा, पत्राची प्रत ठेवा. अशा डब्यांचेही बॅच नंबर लिहा, कारण कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

तोट्यात टाकलेल्या मालावर घेतलेला जीएसटीचा परतावा उलटवावा लागतो. वरच्यातली बारा पाकिटं मेली असती, तर ४,८०० चा माल आणि वर १८ टक्क्यांचे ८६४, असा तोटा ५,६६४ चा झाला असता. पाकिटाची किंमत मोजताना हे ८६४ विसरले जातात. कंपोझिशनमध्ये असाल तर परतावा घेतलेलाच नसतो, मग हे लागू नाही. तारीख, बॅच नंबर, नग आणि कारण लिहून एक पानाचा तोट्याचा तक्ता करा आणि सीएला द्या.

खत थोडक्यात. युरिया वापस जात नाही. पॉस मशीनमधला साठा आणि गोदामातल्या बॅगा जुळतात का तेवढं पाहा, फाटलेल्या बॅगांसकट. १९:१९:१९ आणि इतर विद्राव्य खतांच्या पुड्या दाबून पाहा. दगड झालेल्या पुडीचा दर्जा गेलेला नसतो, पण ठिबकवाला ती घेणार नाही, म्हणून पाटपाण्यावाल्याला खरेदीच्या भावाने द्या. जैविक औषधांची मुदत छोटी असते. ट्रायकोडर्मा उन्हात तापलेल्या खोलीत ठेवला असेल, तर तारखेआधीच त्यातली बुरशी मेलेली असू शकते. ते विकू नका.

बॅटरी पंप न विकता पडले असतील तर दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा, नाहीतर बॅटरी बसते. नोझल, वॉशर, ताडपत्री हे मरत नाही, राहू द्या.

शेवटी, नवा माल येईल तेव्हा पेटी उघडायच्या आधीच तिच्यावर बिल नंबर आणि बॅच नंबर लिहा. पोराला सांगा आणि पहिल्या चार पेट्या स्वतः उभं राहून लिहून घ्या.