ओझोनचा ऱ्हास की तापमानवाढ? पर्यावरणाचं उत्तर तपासताना

पर्यावरणाच्या पेपरात 'जागतिक तापमानवाढीची कारणे, परिणाम व उपाय लिहा' हा पाच गुणांचा प्रश्न आला की गठ्ठ्यातल्या बऱ्याच उत्तरांत ओझोन डोकावतो. असं उत्तर हाती आलं की सगळ्यावर लाल रेघ ओढणं सोपं, आणि 'मुद्दे लिहिलेत' म्हणून चार गुण देणं त्याहून सोपं. दोन्हींत मुलाचं नुकसान आहे. वर्गातल्या, शिकवणीतल्या किंवा घरच्या मुलाचं असं उत्तर तपासायची माझी पद्धत इथे एका नमुना उत्तरावर करून दाखवते. गुण दोन कारणांना, एक परिणामांना आणि दोन उपायांना, असे धरले आहेत.

नमुना उत्तर असं:

'ओझोनच्या थराला छिद्र पडल्यामुळे सूर्याची उष्णता आत येते व पृथ्वी तापते. वाहने व कारखान्यांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे हा थर नष्ट होतो. त्यामुळे हिमनद्या वितळतात, समुद्राची पातळी वाढते व त्वचेचा कर्करोग होतो. उपाय म्हणून सौरऊर्जा, पवनऊर्जा, अणुऊर्जा व सीएनजी अशी अपारंपरिक, न संपणारी साधने वापरावीत.'

पहिलं काम: गुण नंतर, आधी समासात खुणा

पेन्सिल घ्या. प्रत्येक दाव्यासमोर 'ओ' किंवा 'ता' लिहा. 'ओ' म्हणजे ओझोनची गोष्ट, 'ता' म्हणजे तापमानवाढीची. ठरवायचं कसं? कोणता वायू आणि कोणते किरण, एवढं विचारायचं.

ओझोनच्या गोष्टीत वायू आहेत क्लोरीन किंवा ब्रोमीन असलेले, मुख्यतः क्लोरोफ्लुरोकार्बन. ते न विरघळता, न बदलता वर चढतात. साधारण 15 ते 35 किलोमीटर उंचीवर, जिथे ओझोन दाट आहे, तिथे अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मग जास्त अतिनील किरण जमिनीपर्यंत पोचतात. त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू, पिकांचं नुकसान हे परिणाम इथले.

तापमानवाढीच्या गोष्टीत वायू आहेत कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड. सूर्यप्रकाश त्यांच्यातून आत येतो, जमीन तापते, ती अवरक्त किरण बाहेर टाकते आणि हे वायू ते किरण अडवतात. म्हणजे उष्णता छिद्रातून आत येत नाही, बाहेर जाणारी अडकते. मुलांची सगळी गल्लत या एका दिशेत आहे.

नमुना उत्तरात पहिल्या वाक्यात 'ओ' आणि 'ता' जोडलेले निघतात. दुसऱ्यात वायू 'ता'चा, काम 'ओ'चं. तिसऱ्यात हिमनद्या आणि समुद्र 'ता', कर्करोग 'ओ'. खुणा झाल्या की गल्लत कुठल्या सांध्यावर आहे ते समासातच दिसतं.

'छिद्र' या शब्दानं ही चूक पोसली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. छपराला भोक पडलं की ऊन आत येतं, हे चित्र मुलाच्या डोळ्यांपुढे असतं. प्रत्यक्षात थर विरळ होतो. त्याला पटवायला मी एक प्रश्न विचारते: हा थर सर्वांत विरळ होतो अंटार्क्टिकावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, मग सर्वांत वेगानं तिथेच तापायला हवं ना? पण झपाट्यानं तापतो आहे तो उत्तरेकडचा आर्क्टिक. मूल इथे थांबतं आणि विचार करू लागतं.

दुसरं काम: खरी जोडणी चुकून कापू नका

तपासणाऱ्याची चूक होते ती इथे. एखाद्यानं 'क्लोरोफ्लुरोकार्बनमुळेही तापमानवाढ होते' असं लिहिलं तर ते बरोबर आहे. हे वायू ओझोन मोडतात आणि उष्णताही अडवतात. ही दोन वेगळी कामं आहेत. नायट्रस ऑक्साइडचंही तसंच. 1987च्या माँट्रियल करारानं क्लोरोफ्लुरोकार्बन आवरल्यामुळे तापमानवाढीलाही थोडा लगाम बसला, हेही खरं.

फ्रिज-एसीचा मुद्दा आला की जरा थांबून वाचा. जुन्या वायूंच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला धक्का लावत नाहीत, कारण त्यांत क्लोरीन नाही. पण उष्णता जबर अडवतात. म्हणून 2016 साली किगालीत त्याच करारात दुरुस्ती करून त्यांनाही कात्री लावायचं ठरलं. तेव्हा 'एसीतला वायू गळला की पृथ्वी तापायला मदत होते' हे वाक्य बरोबर, आणि 'आजच्या प्रत्येक एसीमुळे ओझोन घटतो' हे चूक.

कसोटी सोपी आहे. एक वायू दोन कामं करतो असं लिहिलं असेल तर चालेल. एक काम दुसऱ्याचं कारण आहे, म्हणजे थर विरळ झाला म्हणून पृथ्वी तापली, असं लिहिलं तर गल्लत.

तिसरं काम: ऊर्जेच्या साधनांना दोन प्रश्न

चौथ्या वाक्यात घोळ शब्दांचा आहे. 'अपारंपरिक' म्हणजे 'नूतनीकरणक्षम' असं मुलं धरून चालतात. कोयनेची जलविद्युत पारंपरिक गणली जाते, पण नूतनीकरणक्षम आहे. चुलीतलं सरपण तर सर्वांत पारंपरिक, आणि जेवढं वाढतं तेवढंच तोडलं तर तेही नूतनीकरणक्षम. उलट तारापूरची वीज युरेनियमवर चालते आणि युरेनियम खाणीतून येतं, संपणारं आहे.

म्हणून प्रत्येक साधनाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. वापरतो त्या वेगानं ते पुन्हा तयार होतं का? आणि वापरताना कार्बनचा धूर किती? अणुऊर्जा पहिल्यात नापास, दुसऱ्यात पास. उसाच्या चिपाडावरची साखर कारखान्याची वीज पहिल्यात पास. धूर निघतो, पण त्यातला कार्बन उसानं त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो.

आता गुण

कारणांचे दोन: पहिलं वाक्य शून्य. दुसऱ्यात वाहनं, कारखाने, कार्बन डायऑक्साइड हे उगम बरोबर ओळखले आहेत, म्हणून अर्धा गुण. 'थर नष्ट होतो' ही पहिलीच चूक पुढे आली आहे; तिचे गुण पुन्हा कापू नयेत. परिणामांचा एक: दोन परिणाम बरोबर, पूर्ण गुण, कर्करोगाला फक्त खूण. उपायांचे दोन: सौर आणि पवन यांचा एक. अणुऊर्जा तापमानवाढीवर उपाय म्हणून चालली असती, पण 'न संपणारी' म्हटल्यानं गुण नाही. सीएनजी खनिज इंधनच, धूर कमी एवढंच. एकूण अडीच.

शेरा 'संकल्पना अस्पष्ट' असा लिहू नका. त्यातून मुलाला काहीच कळत नाही. मी दोन ओळी लिहिते: 'उष्णता आत येते की बाहेर जाताना अडते? कोणते किरण?' आणि ऊर्जेसाठी एक प्रश्न: 'सीएनजी आणि गोबरगॅस दोन्हींत मुख्यतः मिथेनच. मग एक नूतनीकरणक्षम आणि दुसरा नाही, असं का?' मुलानं 'शेण रोज मिळतं, खनिज वायू बनायला लाखो वर्षं लागतात' असं सांगितलं तर साधनांचा भाग त्याला समजला. 'गोबरगॅस स्वच्छ असतो म्हणून' असं उत्तर आलं तर तो अजून धुराच्याच प्रश्नाचं उत्तर देतो आहे. 'वापरतो त्या वेगानं ते पुन्हा तयार होतं का?' हा प्रश्न त्याला पुन्हा विचारा.