ओलावा मोजणारं मीटर आणि पत्रकाराला पाठवायचा मेल

जनसंपर्काच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्राला एक प्रात्यक्षिक असतं: विद्यार्थ्यांनी सुरू केलेला एखादा स्टार्टअप घ्यायचा, त्याचं मीडिया किट बनवायचं आणि खऱ्या पत्रकारांना मेल पाठवायचा. मी छत्रपती संभाजीनगरला शिकत होते. आमच्या गटाला मिळाला लातूरच्या अभियांत्रिकीतल्या चौघांचा स्टार्टअप. त्यांनी सोयाबीनमधला ओलावा मोजणारं, हातात मावेल असं मीटर तयार केलं होतं. यंदा ज्यांना हे प्रात्यक्षिक करायचंय त्यांच्यासाठी ते काम कसं उभं राहिलं ते सविस्तर लिहिते.

बहुतेक गट सुरुवात किटपासून करतात: लोगो, संस्थापकांचे फोटो, 'आमची दृष्टी' वगैरे. आम्हाला शिकवायला एका दैनिकाचे उपसंपादक यायचे. त्यांनी क्रम उलटा करायला लावला. आधी मेलची पहिली दोन वाक्यं लिहा, म्हणाले, आणि त्या वाक्यांतल्या प्रत्येक शब्दावर बातमीदार काय विचारेल ते शोधा. त्या प्रश्नांची उत्तरं म्हणजे तुमचं किट. हा सल्ला मला आजही सगळ्यात कामाचा वाटतो, कारण त्यामुळे किटमध्ये काय ठेवायचं आणि काय काढायचं याचा निकष मिळतो.

मुलांनी आमच्याकडे दिलेला मजकूर असा होता: 'ग्रामीण भारतात क्रांती घडवणारे, १०० टक्के अचूक, महाराष्ट्रातील पहिले स्मार्ट मीटर'. यात बातमी नाही. 'पहिले' म्हटलं की बातमीदार विचारणार, कशावरून? ओलावा मोजणारी मीटरं बाजारात आधीपासून आहेत, आडतीवर रोज वापरली जातात. '१०० टक्के अचूक' म्हटलं की तो मजकूर सरळ जाहिरात विभागाकडे जातो. जनसंपर्काच्या इतिहासात आपण अमेरिकेतले जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली शिकतो. १९०६ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांना पाठवलेल्या निवेदनाचा गाभाही हाच होता: आम्ही बातमी पुरवतो, आणि एखादा मजकूर जाहिरातीच्या टेबलावर जायला हवा असं वाटलं तर तो छापू नका. परीक्षेत यावर टीप येते, पण खरा उपयोग मेल लिहिताना होतो.

मग या स्टार्टअपमध्ये बातमी कुठे होती? लातूरच्या बाजारात. सोयाबीन निघालं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळा वाद ओलाव्यावर येऊन थांबतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा एरवी १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात पावसामुळे माल ओला राहिला आणि केंद्राने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. एरवीच्या हंगामात माल खरेदी केंद्रावर नेल्यावर मीटर १४ दाखवतं, शेतकरी म्हणतो माझा माल वाळलेला आहे, आणि गाडीभाडं अंगावर पडून माल परत. घरून निघण्याआधीच आकडा कळला तर ही खेप वाचते. म्हणजे आमची बातमी मीटरची नव्हती, खेप वाचण्याची होती. मीटर दुसऱ्या वाक्यात.

ही बाब आकड्यात मांडण्यासाठी आम्ही माहितीपत्रकात एक साधं गणित दिलं. एक क्विंटल सोयाबीनमध्ये १४ टक्के ओलावा असेल तर कोरडा माल ८६ किलो. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला की वजन भरतं साधारण ९७.७ किलो. म्हणजे दोन टक्के ओलाव्याची खरी किंमत क्विंटलमागे सुमारे २.३ किलो. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर हे झाले १२० रुपयांच्या आसपास. व्यापारी ओलाव्यापोटी भावात किती कमी करतो आणि प्रत्यक्ष किती व्हायला हवं, हे या एका आकड्यावरून कुणालाही ताडून पाहता येतं. मेल गेल्यावर बातमीदारांचे जे फोन आले, त्यात सगळ्यात जास्त विचारणा याच गणिताची झाली.

आता अचूकता. मुलांकडे चाचणीची वही होती, फक्त ती कुणी मजकुरात आणली नव्हती. ३० नमुने त्यांनी आधी मीटरवर मोजले, मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओव्हनमध्ये वाळवून वजनातली घट काढली. २६ नमुन्यांत दोन्ही आकड्यांतला फरक एका टक्क्याच्या आत होता. उरलेले चार नमुने १८ टक्क्यांहून ओले होते आणि तिथे मीटर कमी आकडा दाखवत होतं. अशा मीटरमध्ये दाण्यांच्या विद्युत गुणधर्मावरून ओलावा काढतात, आणि माल फार ओला असला की ही पद्धत ढिली पडते.

गटात यावर बरीच चर्चा झाली. हे चार नमुने सांगायचे का? माझं मत तेव्हाही ठाम होतं आणि आजही आहे: सांगायचेच, आणि मेलमध्येच सांगायचे. शेतीची बातमी करणारा माणूस परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या एखाद्या तज्ज्ञाला फोन लावणारच. मीटर कुठे चुकतं हे त्याला तिथून कळलं तर तुमच्या बाकी २६ नमुन्यांवरही त्याचा विश्वास उरत नाही. आपण आधी सांगितलं की तोच मुद्दा बातमीतलं एक प्रामाणिक वाक्य होतो.

शेवटी गेलेला मेल असा होता:

विषय: सोयाबीनचा ओलावा घरीच कळणार, लातूरच्या विद्यार्थ्यांचं मीटर, ३० नमुन्यांवर चाचणी

नमस्कार सर,
सोयाबीन केंद्रावर नेल्यावर ओलाव्यामुळे परत आणावं लागू नये, म्हणून लातूरच्या अभियांत्रिकीच्या चार विद्यार्थ्यांनी घरी वापरता येईल असं ओलावा मीटर तयार केलं आहे. ३० नमुन्यांच्या चाचणीत २६ ठिकाणी प्रयोगशाळेच्या आकड्याशी फरक एका टक्क्याच्या आत राहिला. १८ टक्क्यांहून जास्त ओल्या मालात मात्र ते कमी आकडा दाखवतं.
मीटर सध्या विक्रीला नाही आणि व्यवहारासाठी प्रमाणित नाही. शेतकऱ्याला अंदाज देण्यापुरतं आहे. ते वापरून पाहिलेले औसा तालुक्यातले दोन शेतकरी बोलायला तयार आहेत. आपण सांगाल त्या दिवशी मोंढ्यात प्रात्यक्षिक दाखवता येईल.
बातमीचा मजकूर खाली दिला आहे. चाचणीचा तक्ता, फोटो आणि माहितीपत्रक लिंकवर आहे.
(नाव, मोबाईल क्रमांक)

प्रमाणपत्राचं वाक्य मुद्दाम आहे. वजन-मापाशी संबंधित काहीही आलं की 'हे प्रमाणित आहे का' हा प्रश्न येतोच. उत्तर 'नाही' असेल तर ते सरळ लिहावं. शेतकऱ्यांना आधी विचारून, कोणत्या वेळी फोन चालेल हे ठरवून मगच 'बोलायला तयार आहेत' लिहायचं. बातमीदाराने फोन लावला आणि समोरून 'कोण बोलतंय, कशाचं मीटर?' असं आलं, तर बातमी तिथेच संपते.

हाच मेल सगळ्यांना पाठवला नाही. लातूर आवृत्तीच्या बातमीदाराला 'लातूरचे विद्यार्थी' आणि मोंढा महत्त्वाचा. 'ॲग्रोवन'सारख्या शेतीच्या दैनिकाला विद्यार्थी कुठले याच्याशी फारसं देणंघेणं नाही, त्यांना चाचणीची पद्धत आणि गणित वर हवं. आकाशवाणीला नीट बोलू शकणारा शेतकरी हवा. पहिली दोन वाक्यं प्रत्येकासाठी वेगळी लिहिली, बाकी मजकूर तोच. मेल एकेकाला स्वतंत्र पाठवा. सगळ्यांचे पत्ते एकाच रांगेत दिसले की ही बातमी सगळीकडे येणार हे कळतं आणि कुणालाच घाई राहत नाही.

मजकूर मेलच्या अंगातच असावा, पीडीएफमध्ये कोंबू नये. बातमीदाराला तो उचलून आपल्या कॉपीत घ्यायचा असतो, आणि मराठी पीडीएफमधून उचललेल्या मजकुरातली जोडाक्षरं नि वेलांट्या अनेकदा विस्कटतात. टायपिंग युनिकोडमध्येच करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून आणलेलं पत्रक दुसऱ्याच्या फोनवर निव्वळ चिन्हांची रांग दिसतं. पाठवण्याआधी मेल स्वतःच्या नव्हे, मित्राच्या मोबाईलवर उघडून बघा. लिंकचंही तसंच. ड्राइव्हवर फोल्डर आपोआप Restricted असतं, ते Anyone with the link केल्याशिवाय पत्रकाराला परवानगी मागावी लागते, आणि संध्याकाळी पान लावायच्या वेळी परवानगीची वाट बघत कुणी बसत नाही.

फोटोंवर आम्ही किटमधला सगळ्यात जास्त वेळ घालवला. मुलांकडे होता बॅनरसमोर रांगेत उभं राहून काढलेला फोटो. तो ठेवला, पण शेवटी. मुख्य फोटो घेतला खळ्यावरचा: शेतकऱ्याच्या हातात मीटर, बाजूला सोयाबीनचं पोतं, आणि पडद्यावरचा आकडा वाचता येतोय. त्या फोटोत १३.४ दिसत होतं, म्हणून फोटोखालच्या ओळीतही १३.४ च लिहिलं. फोटोतला आणि मजकुरातला आकडा जुळत नसेल तर उपसंपादक फोटो बाजूला ठेवतो. नावं डावीकडून उजवीकडे, गाव, तालुका, फोटो कुणी काढला, हे सगळं ओळीत. शेतकऱ्याची छापायला संमती हवीच. व्हॉट्सॲपवर फोटो तसाच टाकला की आकसतो आणि छपाईत फुटतो; तिथे पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वेळेचं थोडक्यात सांगते. जिल्ह्याचा बातमीदार दिवसभर बाहेर असतो आणि संध्याकाळी बातम्या लिहितो. मेल सकाळी जावा, फोन दुपारच्या आत. दुसऱ्या दिवशी एकच फोन, आणि त्यात 'मेल मिळाला का' असं न विचारता नवं काहीतरी सांगा. आम्ही सांगितलं की प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला आहे. बातमी लागणार का, कधी लागणार, छापण्याआधी दाखवाल का, हे विचारायचं नाही. एकाच दैनिकाच्या दोन बातमीदारांनाही मेल करू नका. दोघांनीही बातमी दिली तर डेस्कवर तुमच्या नावाने शंख होतो.

आमच्या मेलवरून ज्यांनी बातमी केली, त्यांनी चार नमुन्यांचं वाक्य ठेवलं आणि शीर्षक स्वतःचं दिलं. एकाने मीटरची किंमत विचारली. किंमत ठरली नव्हती, आणि तसं उत्तर प्रश्नोत्तरांच्या पानावर आधीच लिहिलेलं असल्याने चौघांपैकी कुणीही फोन उचलला तरी तेच सांगितलं. हे पान पत्रकाराला द्यायचं नसतं, ते टीमसाठी असतं, पण किटचा भाग म्हणूनच बनवा. आमच्या मूल्यांकनात त्याला वेगळे गुण होते.

हे किट तसंच उचलून पुढच्या हंगामात वापरता येणार नाही. हमीभाव दरवर्षी बदलतो, ओलाव्याची सूट एखाद्या वर्षी मिळते, एखाद्या वर्षी नाही, आणि गणितातला १२० चा आकडा त्यासोबत हलतो. म्हणून माहितीपत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख टाका, आणि सोयाबीनची काढणी सुरू होण्याआधी प्रत्येक आकडा पुन्हा तपासून ती तारीख बदला.