रिचार्ज ‘पेंडिंग’ दिसतोय? या चुका टाळा

पैसे खात्यातून गेले, अ‍ॅपवर ‘पेंडिंग’ दिसतंय आणि फोन काही लागत नाही. अशा वेळी बरेच जण चार मिनिटं वाट पाहतात आणि पुन्हा रिचार्ज करतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

रिचार्जमध्ये दोन वेगळी कामं असतात. आधी बँकेतून अ‍ॅपकडे पैसे जातात. मग अ‍ॅप, बऱ्याचदा मधल्या एखाद्या कंपनीमार्फत, ऑपरेटरला कळवतं: हा नंबर, हा प्लॅन, हा ऑर्डर क्रमांक. ऑपरेटरची प्रीपेड यंत्रणा नंबर आपला आहे का ते तपासते, प्लॅन जमा करते आणि स्वतःचा संदर्भ क्रमांक परत पाठवते. बँकेचा मेसेज फक्त पहिलं काम झाल्याचं सांगतो.

समजा, 10:02 ला पैसे कापले गेले. ऑपरेटरने प्लॅन जमाही केला, पण त्याचं उत्तर वाटेत अडकलं. अ‍ॅपला ‘नाही’ असं कुणी सांगितलेलं नाही, उत्तरच आलेलं नाही. लगेच पैसे परत केले तर रिचार्ज तुम्हाला फुकटात मिळेल, म्हणून अ‍ॅप थांबतं आणि मधूनमधून ‘त्या ऑर्डरचं काय झालं?’ असं विचारत राहतं. ‘पेंडिंग’चा अर्थ एवढाच. 10:06 ला तुम्ही पुन्हा रिचार्ज केलात. जुनाच ऑर्डर क्रमांक दुसऱ्यांदा आला असता तर तो ओळखून अडवता आला असता, पण नव्या रिचार्जला नवा क्रमांक मिळतो, म्हणून ऑपरेटरच्या लेखी ती नवी मागणी ठरते. 10:15 ला दोन्ही ‘यशस्वी’ दिसतात, आणि यशस्वी रिचार्जचे पैसे आपोआप परत येत नाहीत.

म्हणून दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी ऑपरेटरच्याच अ‍ॅपमध्ये सध्याचा प्लॅन आणि त्याची मुदत पाहा. मुख्य बॅलन्स पाहून निष्कर्ष काढू नका. डेटा आणि कॉलचा पॅक वेगळ्या खात्यात जमा होतो, त्यामुळे पॅक लागूनही मुख्य बॅलन्स होता तेवढाच दिसू शकतो.

नंबर दुसऱ्या ऑपरेटरकडे पोर्ट केला असेल तर अ‍ॅपने निवडलेला ऑपरेटर एकदा तपासा. सुरुवातीच्या आकड्यांवरून केलेला अंदाज तिथे चुकतो, आणि जुना ऑपरेटर ‘हा ग्राहक आमचा नाही’ म्हणून मागणी नाकारतो. त्यातल्या त्यात हे बरं, कारण स्पष्ट नकार आल्यावर परताव्याचा मार्ग मोकळा होतो. नंबरचा एक आकडा चुकला तर मात्र अवघड. तो नंबर चालू असेल तर यंत्रणेच्या दृष्टीने रिचार्ज बिनचूक झालेला असतो.

तक्रार करताना बँकेच्या मेसेजचा फोटो पुरत नाही. अ‍ॅपमधला ऑर्डर क्रमांक द्या आणि ऑपरेटरचा संदर्भ क्रमांक आला आहे का ते विचारा. आला असेल तर पुढचं ऑपरेटरशी बोला. नसेल तर अडलं आहे ते अ‍ॅपच्या बाजूला किंवा मधल्या वाटेवर, आणि उत्तर अ‍ॅपनेच द्यायचं आहे.