रिटर्न आलं म्हणजे स्टॉक वाढला असं नव्हे: परत आलेल्या मालाच्या नोंदीत या चुका टाळा

काजू, आगळ, आंबापोळी, मसाले असलं काही ऑनलाइन विकणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांचा स्टॉक एक्सेलमध्येच असतो, आणि माल पाठवण्याची बाजू सगळे नीट लिहितात. ऑर्डर आली, पार्सल गेलं, एक वजा. घोळ होतो तो परत येणाऱ्या मालात. ॲपवर रिटर्न दिसलं की लगेच एक मिळवून टाकतात आणि विषय संपला समजतात. मग श्रावणात राखीच्या ऑर्डरी येतात, ॲप म्हणतं माल आहे, आणि फळीवर हात घातला तर पाकिटं कमी. ऑर्डर आपणच कॅन्सल करायची, वर रेटिंगही आपलंच पडणार.

मालवणकडच्या एका वैनींचं हेच झालं होतं. अर्ध्या किलोचं काजूचं पाकीट, शीटवर शिल्लक 39, फळीवर मोजले तर 32. वैनी वैतागून म्हणाल्या, "अरे, ॲपात तर अकरा परत इले म्हणून दिसतत, मगे माल गेलो खंय?" चोरी वगैरे काही नव्हती. सुरुवातीला 80 होते, 52 गेले, राहिले 28, त्यात ॲपवरचे 11 मिळवले की 39. बेरीज बरोबरच होती, पण ते अकरा म्हणजे खरंच हातात आलेली अकरा पाकिटं का, हे कुणी बघितलंच नव्हतं.

ॲपचं स्टेटस हीच आवक धरणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या निम्म्या यातूनच निघतात. रिटर्न इनिशिएटेड किंवा आरटीओ, म्हणजे ग्राहकाला न देताच पार्सल माघारी, असं दिसतं तेव्हा माल अजून कुरियरच्या गाडीत असतो, आणि पावसात घाटात दरड आली की ते पार्सल कोल्हापूरकडेच अडकून पडतं, कधी येईल सांगता येत नाही. तो माल तुमचा आहे पण विकायला नाहीये. दुसरं म्हणजे खाण्याच्या बऱ्याच वस्तूंना प्लॅटफॉर्म माल परत मागवतच नाहीत, ग्राहकाने फुटलेल्या पाकिटाचा फोटो टाकला की पैसे परत, माल तिकडेच. रिपोर्टमध्ये मात्र ही ओळही रिटर्नच्याच यादीत बसलेली असते. म्हणून पैसे परत गेले आणि माल परत आला या दोन गोष्टी कायम वेगळ्या लिहा.

वैनींच्या अकरापैकी एक असाच फक्त पैसे परतवाला निघाला, तो कधीच येणार नव्हता. एक अजून वाटेत होता. हातात आलेली पार्सलं नऊ.

आलेलं पार्सल थेट फळीवर ठेवणं

परत आलेली प्रत्येक वस्तू आधी होल्डमध्ये. होल्ड म्हणजे खरोखर वेगळी जागा, वेगळा क्रेट, त्यावर लाल पट्टी, आणि शीटमध्ये पण वेगळं नाव. नुसतं शीटमध्ये वेगळं आणि फळीवर शेजारी शेजारी असं असेल तर घाईत पॅकिंग करणारा पोरगा तेच उचलणार, त्याचा काय दोष.

उघडण्याआधी वजन करा, हे फार कमी जण करतात. जाताना पार्सल 560 ग्रॅमचं होतं आणि येताना 310 भरलं तर टेप कापायच्या आधीच कळलं की आत भानगड आहे. मग मोबाईल समोर लावून एका सलग व्हिडिओत वजनकाट्याचा आकडा, लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर, सगळ्या बाजूंनी टेप, मग कापणं, मग आतला माल. व्हिडिओ मध्येच तोडला की क्लेम नाकारायला त्यांना कारणच मिळतं. क्लेमची मुदत प्रत्येक प्लॅटफॉर्मची वेगळी असते, ती तुमच्या सेलर पॅनलमध्ये बघून भिंतीवर लिहून ठेवा.

आता काजूचं बोलायचं तर आपल्या हवेत खरा शत्रू ओल आहे. बाहेरचा बॉक्स कोरडा, पाकीट दिसायला छान, पण शिवणीत सुईएवढं भोक असलं तरी जुलैत काजू आठवड्यात सादळतात. हवा भरलेलं पाकीट असेल तर बादलीभर पाण्यात बुडवून हलकं दाबा, शिवणीतून बुडबुडे आले की ते पाकीट गेलं, आले नाहीत तर लगेच पुसून कोरडं करा. ज्याचं सील ग्राहकाने उघडलंय ते खाण्याचं असेल तर तपासायचंही नाही, सरळ खराबमध्ये. काजू कितीही चांगले दिसू देत.

वैनींच्या नऊपैकी चार पास झाले, तीन खराब (दोन शिवणीत गळणारे, एक उघडलेलं). एक बॉक्स पूर्ण भिजून आला होता, पाकिटावरचं लेबल वाचता येईना, तो होल्डवरच राहिला. आणि नववं पार्सल उघडलं तर आत काजूच नाहीत, दुसऱ्याच कुठल्यातरी शेंगदाण्याचं पाकीट.

या शेवटच्यावर जरा थांबा. इथे लोक "खराब 1" असं लिहितात आणि ते चूक आहे. तुमचं काजूचं पाकीट खराब झालेलं नाही, ते तुमच्याकडे नाहीच. ते हरवलं म्हणून लिहायचं आणि क्लेम त्याच ओळीवर टाकायचा. शेंगदाणे पुरावा म्हणून बाजूला ठेवा, पण तुमच्या काजूच्या आकड्यात त्यांना कुठेच जागा नाही.

आकडा खोडून नवा लिहिणं

शीटवर 39, फळीवर 32, मग ॲडजस्टमेंट उणे 7 मारलं आणि जुळलं, असं बरेच जण करतात. त्या दिवशी जुळतं हो. पण वाटेतलं ते एक पार्सल पुढच्या आठवड्यात आलं, तपासलं, चांगलं निघालं, फळीवर गेलं. शीटमध्ये ते तर आधीच धरलेलं, म्हणून कोणी मिळवत नाही. आता फळीवर 33, शीटवर 32. पुढच्या मोजणीत अधिक 1 ॲडजस्टमेंट. असं मागे पुढे चालूच राहतं आणि खरी घट कुठे होतेय ते कधीच दिसत नाही. तुमच्या शीटमध्ये दर महिन्याला कधी उणे कधी अधिक असं येत असेल तर रोग हाच.

त्यापेक्षा आकडा कधीच हाताने लिहू नका, हालचाल लिहा. एक ओळ म्हणजे एक हालचाल: तारीख, एडब्ल्यूबी, वस्तू, बॅच, नग, कुठून, कुठे. जागांची नावं ठरलेली ठेवा. IN म्हणजे सुरुवातीची शिल्लक किंवा नवा माल, OUT म्हणजे ग्राहकाकडे, WAY वाटेत, HOLD, GOOD विकायला, BAD खराब, LOST हरवला. C मध्ये वस्तू, E मध्ये नग, F मध्ये कुठून, G मध्ये कुठे असं धरलं तर विकायला शिल्लक किती हे असं निघतं:

```
=SUMIFS(E:E,C:C,"KAJU500",G:G,"GOOD")-SUMIFS(E:E,C:C,"KAJU500",F:F,"GOOD")
```

दोन्हीकडे GOOD च्या जागी HOLD टाका, होल्डवर किती ते येईल. प्लॅटफॉर्मवर उपलब्ध म्हणून टाकायचा तो फक्त GOOD चा आकडा, बाकी कुठलाही नाही.

वैनींचं याच्यात बसवून बघा. IN मधून GOOD ला 80, GOOD मधून OUT ला 52. फक्त पैसे परतवाल्याची ओळच नाही, कारण माल हललाच नाही. OUT मधून WAY ला 10. त्यातले WAY मधून HOLD ला 8, शेंगदाणेवालं WAY मधून LOST ला 1, वाटेत शिल्लक 1. HOLD मधून GOOD ला 4, BAD ला 3, होल्डवर शिल्लक 1. GOOD म्हणजे 80 वजा 52 अधिक 4, बरोबर 32. आणि हरवलेल्या सातांचा हिशोब पण लागला: एक ग्राहकाकडेच, एक वाटेत, एक गायब, तीन खराब, एक होल्डवर.

परत आलेला माल चालू बॅचमध्ये घालणं

पाकीट परत येईपर्यंत कधीकधी महिना जातो, तोवर फळीवर नवी बॅच लागलेली असते. परत आलेलं पाकीट त्याच नव्या बॅचच्या ओळीत मिळवलं की त्याची जुनी तारीख शीटमधून गायब. मग ते मागे पडून राहतं आणि एक्सपायरीच्या तोंडावर कोणाच्यातरी घरी जातं. एफएसएसएआयने नोव्हेंबर 2024 मध्ये ऑनलाइन प्लॅटफॉर्मना सांगितलंय की डिलिव्हरीच्या वेळी एकूण मुदतीच्या किमान 30 टक्के किंवा 45 दिवस शिल्लक असायला हवेत. म्हणून होल्डमधून बाहेर काढताना पाकीट चांगलंय का एवढंच बघून भागत नाही, किती दिवस उरलेत तेही बघा, पोचायचे दिवस धरून. आणि यासाठी माल पाठवतानाच बॅच लिहिलेली हवी, नाहीतर लेबल पुसलेलं पाकीट कुठल्या बॅचचं हे शोधणार कसं? वैनींनी लिहिली नव्हती, त्यामुळे ते भिजलेलं पाकीट शेवटी होल्डमधून खराबमध्येच गेलं.

कॉम्बोचं पण तेच. काजू, आगळ आणि आंबापोळी असा बॉक्स परत आला, आगळाचं झाकण सैल, पोळीच्या पाकिटावर लाल डाग. शीटवर "कॉम्बो 1 खराब" लिहिलंत तर चांगले काजू पण बुडाले, आणि "कॉम्बो 1 परत" लिहिलंत तर गळकी बाटली विक्रीला लागली. कॉम्बो होल्डवर आला की तीन ओळी करा, प्रत्येक वस्तूचा निकाल वेगळा.

होल्ड म्हणजे अडगळ

होल्डवर तारीख टाका आणि आठवड्यातला एक वार ठरवून क्रेट रिकामा करा. पावसाळ्यात तीन आठवडे पडलेला चांगला माल होल्डमध्येच खराब होतो, आणि मग तो कुरियरने बिघडवला की आपण हे सांगता येत नाही. BAD ची पण कारणं वेगळी लिहा (जाताना फुटलं, येताना फुटलं, आपल्याकडे सादळलं), कारण तिसऱ्यासाठी कोणी पैसे देणार नाही, आणि पहिलंच जास्त होत असेल तर पॅकिंग बदलायला हवं.

जीएसटी नंबर असेल तर अजून दोन गोष्टी सीएला विचारून लावून घ्या. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट कलम 34 खाली काढायची असते, आरटीओचं बिल आधीच फाडलेलं असतं म्हणून त्याचीही. आणि जो माल नष्ट केला किंवा खर्ची टाकला त्याच्या खरेदीवर घेतलेलं क्रेडिट कलम 17(5)(एच) प्रमाणे उलटवावं लागतं. BAD आणि LOST च्या ओळी तारखेसकट असतील तर हे काम तासाभराचं आहे, नाहीतर मार्चमध्ये सीए विचारणार ही सात पाकिटं कुठली, आणि तुम्ही व्हॉट्सॲपवर जुने फोटो शोधत बसणार.