मेरोपेनेम आणि अमिकासिनला एकच घड्याळ लावू नका: वॉर्डातल्या या चुका टाळा

पुण्यातल्या कुठल्याही मध्यम हॉस्पिटलच्या आयसीयूत केसपेपरवर दोन अँटिबायोटिक्सच्या या ओळी एकाखाली एक दिसू शकतात: मेरोपेनेम १ ग्रॅम टीडीएस, अमिकासिन ५०० बीडी. पेशंट ६० किलोचा, लघवीच्या संसर्गातून सेप्सिस झालेला, किडनी ठीक. औषधांची निवड बरोबर असू शकते, पण दोन्ही ओळींत वेळेची चूक आहे.

एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारी औषधाची किमान पातळी. अमिकासिन एमआयसीच्या जितकं वर जाईल तितक्या वेगाने जंतू मरतात. रक्तातली सर्वोच्च पातळी, म्हणजे शिखर, एमआयसीच्या ८ ते १० पट हवं. पातळी खाली आल्यावरही काही तास जंतू डोकं वर काढत नाहीत. मेरोपेनेम, पिपरासिलिन, सेफेपिम यांचं तसं नाही. पातळी एमआयसीच्या चार-पाच पट झाली की मारण्याचा वेग जवळपास तिथेच थांबतो. पुढे औषध वाढवून फार काही मिळत नाही. तिथे मोजायचं ते दिवसाचे किती तास पातळी एमआयसीच्या वर राहिली. बहुतेक जंतूंच्या बाबतीत पातळी उतरताच वाढ लगेच सुरू होते.

चूक पहिली: टीडीएस म्हणजे सकाळ, दुपार, रात्र

टीडीएस, म्हणजे दिवसातून तीनदा, लिहिलं की गोळ्यांच्या सवयीने ८-२-८ अशी वेळ पडते. मेरोपेनेमचं अर्ध-आयुष्य किडनी चांगली असताना साधारण एक तास आहे. १ ग्रॅम अर्ध्या तासात दिलं की शिखर ५० मिग्रॅ/लिटरच्या आसपास जातं. मग दर तासाला निम्मं: २५, १२.५, ६, ३, आणि पाचव्या तासाला दीडच्या आसपास. जंतूची एमआयसी २ असेल तर एका डोसचं संरक्षण साधारण पाच तासांचं. रात्री ८ चा डोस मध्यरात्रीनंतर तासाभरात संपतो आणि सकाळी ८ पर्यंत सात तास पेशंट उघडा पडतो.

मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेमला आठ तासांपैकी किमान ४० टक्के वेळ एमआयसीच्या वर मिळायला हवा. गंभीर पेशंटमध्ये बरेच जण याहून जास्तीचं लक्ष्य ठेवतात. केसपेपरवर ‘टीडीएस’ न लिहिता ‘दर ८ तासांनी, ६-२-१०’ असं लिहिलं तर सिस्टरना अंदाज करावा लागत नाही.

चूक दुसरी: ताप उतरत नाही, म्हणून डोस दुप्पट

समजा जंतूची एमआयसी ८ आहे. वरच्याच आकड्यांनी १ ग्रॅम अर्ध्या तासात दिलं तर पातळी ८ च्या वर सुमारे ३ तास राहते, म्हणजे ३८ टक्के. डोस २ ग्रॅम केला तर शिखर १०० होतं, पण तिथून ५० वर यायला एकच तास लागतो. दुप्पट औषधाने फक्त एक अर्ध-आयुष्य विकत घेतलं: ३ चे ४ तास.

आता तोच १ ग्रॅम ३ तासांत सोडा. शिखर २५ वर थांबतं, पण पातळी ८ च्या वर साधारण ४ तास राहते, म्हणजे ५२ टक्के. अर्ध्या औषधात तोच फायदा. ही ढोबळ गणितं आहेत. खऱ्या सेप्सिसमध्ये शरीरात पाणी साठतं, किडनीचा वेग बदलतो, पण दिशा हीच राहते.

प्रोकेन पेनिसिलिनसारखी हळूहळू सुटणारी इंजेक्शनं मुळात याच गरजेतून आली: साधं पेनिसिलिन दर तीन-चार तासांनी टोचावं लागे.

एक मर्यादा सांगायलाच हवी. २०२४ च्या ब्लिंग-३ चाचणीत सुमारे ७,००० पेशंट होते. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम सतत दिलं किंवा थांबून थांबून दिलं, तरी ९० दिवसांच्या मृत्यूंमधला फरक (२४.९ विरुद्ध २६.८ टक्के) संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. जंतूची एमआयसी अगदी कमी असेल तर अर्ध्या तासाचा डोसही पुरतो. जिथे एमआयसी वरच्या टोकाला आहे तिथे हळू देण्याचा खरा उपयोग.

चूक तिसरी: तीन तास सुरू, पण औषध नळीतच

१०० मिलीची बाटली संपली की सेट काढून टाकला जातो. पण नळीत १५-२० मिली उरलेलं असतं, म्हणजे डोसचा पाचवा ते सातवा भाग कचऱ्यात. बाटली संपल्यावर त्याच वेगाने २०-२५ मिली नॉर्मल सलाईन पुढे सोडा.

वेगही मोजा. १०० मिली ३ तासांत म्हणजे ताशी ३३ मिली. मायक्रोड्रिप सेटवर (मिलीला ६० थेंब) मिनिटाला ३३ थेंब, २० थेंबांच्या साध्या सेटवर ११. ११ थेंब पेशंटने हात हलवला की बिघडतात, म्हणून सिरिंज पंप असेल तर तोच वापरा. मेरोपेनेम डेक्स्ट्रोजमध्ये लवकर विघटित होतं. सलाईनमध्येच मिसळा, आणि मे महिन्यातल्या पुण्याच्या वॉर्डात तयार बाटली आगाऊ करून टेबलावर ठेवू नका. पहिला डोस मात्र अर्ध्या तासातच द्या, म्हणजे सुरुवातीची पातळी लवकर मिळेल. हळू डोस दुसऱ्यापासून.

चूक चौथी: अमिकासिन ५०० बीडी

६० किलोच्या माणसात अमिकासिन साधारण १५ लिटरमध्ये पसरतं. ५०० मिग्रॅ दिलं की शिखर ३३ च्या आसपास. जंतूची एमआयसी ८ असेल तर फक्त चौपट. तेच १ ग्रॅम (किलोला १६-१७ मिग्रॅ) एकदम अर्ध्या ते एक तासात दिलं की ६५ च्या जवळ, म्हणजे आठपट. २४ तासांत औषध तेवढंच, परिणाम वेगळा.

‘एकदम एवढं दिलं तर किडनी जाईल’ ही भीती उलटी आहे. किडनीच्या पेशी अमिकासिन ठरावीक वेगानेच आत घेतात. एका उंच शिखराच्या वेळी तो वेग आधीच भरलेला असतो, पण दिवसभर थोडं थोडं औषध रक्तात राहिलं तर पेशी ते भरतच राहतात. दिवसातून एकदा दिल्याने मधले तास पातळी जवळपास शून्य होते. गर्भवती, मोठे भाजलेले पेशंट आणि एन्डोकार्डायटिस यांना हा सरधोपट नियम लावू नका.

क्रिएटिनिन वाढलं तर इथेही चूक होते: डोस कमी केला जातो. शिखर राखायचं असेल तर अंतर वाढवा, २४ चं ३६ किंवा ४८ तास. ट्रफची, म्हणजे तळाच्या पातळीची, तपासणी पुढच्या डोसच्या आधी करा, आणि ज्या लाइनमधून औषध गेलं तिच्यातून रक्त काढू नका, नाहीतर खोटी पातळी वर दिसेल. सेफ्ट्रियाक्सोन दिवसातून एकदा चालतं म्हणून ते अमिकासिनच्या गटातलं समजू नका. तेही एमआयसीच्या वर राहिलेल्या वेळेवरच चालतं, फक्त त्याचं अर्ध-आयुष्य ६ ते ९ तासांचं आहे.

४८-७२ तासांत ताप उतरला नाही तर नवं औषध लिहिण्याआधी ड्रग चार्ट उघडा. प्रत्यक्ष दिल्याच्या वेळा वाचा, बाटली किती वेळात संपली ते बघा, नळी धुतली का ते विचारा. दोन्ही औषधं एकाच बाटलीत मिसळली नाहीत ना, तेही बघा, कारण तसं केलं तर मेरोपेनेमसारख्या बीटा-लॅक्टममुळे अमिकासिन निकामी होतं. हे सगळं बरोबर असेल, तरच जंतूचा कल्चर रिपोर्ट आणि त्यातली एमआयसी पुन्हा वाचायला घ्या.